गुरुवारचा घाणा

वागळे इस्टेटमधल्या शिवनेत्र रबर वर्क्समध्ये गिऱ्हाइकाच्या तक्रारीला उत्तर द्यायची एक जुनी आणि पक्की पद्धत होती. ती म्हणजे उत्तर द्यायचं नाही. निदान कारण सापडेपर्यंत तरी नाही. मालक आनंदराव याला 'आधी कारण, मग तोंड' म्हणत, आणि हे तत्त्व त्यांनी अशा काही निष्ठेनं पाळलं होतं की गेल्या वर्षी भिवंडीच्या एका पंपवाल्याच्या तक्रारीचं कारण त्यांनी तीन आठवड्यांत अगदी मुळापासून खणून काढलं, त्याची सुंदर फाइल केली, आणि ती घेऊन गेले तेव्हा पंपवाला दुसरीकडून माल घ्यायला लागून पंधरा दिवस झाले होते. फाइल अजून कपाटात आहे. पाहुण्यांना दाखवतात.

या कारखान्याच्या क्वालिटी खात्याचा प्रमुख सिल्वेस्टर. खात्यात माणसं दोन, त्यातला एक प्रमुख, म्हणजे खातं कसं भरल्यासारखं दिसतं. तीस वर्षांच्या नोकरीनंतर तो महिनाअखेरीला निवृत्त होणार होता, आणि त्याच्या खुर्चीसाठी त्यानं ठाण्याच्या आपल्या गावठाणातलीच रोवेना आणून बसवली होती. पोरगी पॉलिमरचा डिप्लोमा केलेली, हुशार, आणि तोंडानं जरा जास्तच मोकळी. ती प्रोबेशनवर होती. तिला कायम करायचं की नाही हे महिनाअखेरीला आनंदराव ठरवणार होते. सिल्वेस्टरनं रोवेनाच्या आईला चर्चच्या पायऱ्यांवर शब्द दिलेला होता, त्यामुळे त्याच्या निवृत्तीचा सगळा आनंद या एका गोष्टीला टांगलेला होता.

तशात सोमवारी सकाळी डोंबिवली एमआयडीसीतून मेल आला.

तिथं स्टीलचे जेवणाचे डबे बनवणारी एक कंपनी आहे. डब्यातली आमटी सांडू नये म्हणून झाकणात जी पांढरी सिलिकॉनची रिंग असते, ती शिवनेत्र पुरवायची. मेल तिथल्या क्वालिटी ऑफिसर शिवानीचा होता. रिंगांवर पिठासारखी पांढरी पूड येते आहे, पुसली तरी चार दिवसांनी परत येते, आणि औषधाच्या दुकानासारखा वास मारतो. सोबत फोटो, पिशव्यांवरचे लॉट नंबर, आणि शेवटी एक ओळ : कृपया लवकर कळवा.

आनंदराव बाहेर गेलेले होते. सिल्वेस्टरनं मेल वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि तीस वर्षांच्या अनुभवानं ठरवलं की शेठ येईपर्यंत काहीही करायचं नाही. त्यानं तसं रोवेनाला सांगितलंही. पण ते सांगेपर्यंत तिनं दोन ठिकाणी फोन करून साठा थांबवला होता, आणि चहा येईपर्यंत उत्तर पाठवून मोकळी झाली होती.

उत्तर तिनं सिल्वेस्टरला वाचून दाखवलं. तक्रार मिळाली. पूड कशामुळे आली ते आम्हाला अजून माहीत नाही. तुम्ही दिलेल्या नंबरांचा माल कृपया वापरू नका, आमच्याकडचाही आम्ही बाजूला काढला आहे. आज संध्याकाळी आम्ही स्वतः येऊन बघतो. उद्या संध्याकाळपर्यंत बदली रिंगा पोचवतो. आणि गुरुवारी दुपारपर्यंत कारण कळवतो. नाही सापडलं तर कुठवर आलो ते आणि पुढची तारीख कळवतो.

सिल्वेस्टरनं चष्मा पुन्हा काढला. "अगं, कारण माहीत नाही हे लेखी दिलंस?"

"माहीत नाहीच आहे ना, अंकल."

"माहीत नसतं तेव्हाच तर गप्प बसायचं असतं."

"मग त्या बाईनं तोवर काय करायचं? पूड मोजत बसायची?"

सिल्वेस्टरनं तिला ऑफिसात अंकल म्हणू नकोस असं बजावलं.

आनंदराव आले आणि मेल वाचून त्यांचा चेहरा भट्टीसारखा झाला. हा गडी मूळचा पाटण तालुक्यातला, मनानं लोण्याचा, पण लोणी तापलं की तडतडतंच. त्यांच्या मते तारीख देणं म्हणजे गुन्हा कबूल करून वर फाशीचा मुहूर्तही आपणच काढून देणं होतं. कारण ठाऊक नसताना वार कसा सांगितला? डॉक्टर कधी रोग न बघता सांगतो का, गुरुवारी बरे व्हाल म्हणून?

बरे व्हाल असं सांगितलेलं नाही, रोवेना म्हणाली. रिपोर्ट गुरुवारी मिळेल एवढंच सांगितलंय.

हे वाक्य बरोबर होतं, आणि मालकासमोर बरोबर वाक्य बोलण्यासारखी दुसरी चूक नाही. आनंदरावांनी सिल्वेस्टरकडे बघत निकाल दिला. "सिल्वेस्टर, तुझ्या पोरीनं तारीख दिलीये ना? मग गुरुवारी कारण माझ्या टेबलावर पायजे. नसलं तर तिला सांग, प्रोबेशन संपलं."

एवढं बोलून त्यांचा राग जेवणाकडे वळला. जेवणाचं दुःख त्यांना दिवाळीपासून होतं. बाहेरचं खाणं डॉक्टरांनी बंद केल्यापासून वर्तकनगरहून आवडाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, चार खणांचा डबा पाठवत. आणि त्या डब्यातल्या भाजीला हल्ली कसलासा आंबूस, औषधी वास यायचा. आनंदरावांनी घरी तशी तक्रार केली होती. बायकोनं मात्र लगेच मनावर घेतलं, असं ते कौतुकानं सांगायचे. हिंगाचा वास असेल किंवा तेलाचा असेल, बघते, शनिवारपर्यंत हिंग बदलून बघते, नाहीतर रविवारी तेल बदलते, असं ती त्याच रात्री म्हणाली होती.

"बघा," सिल्वेस्टर हळूच म्हणाला, "वहिनींना तरी कारण कुठं माहीत होतं? पण तारीख दिली, आणि तुम्हाला बरं वाटलं."

घर वेगळं आणि कारखाना वेगळा, असं म्हणून आनंदराव जेवायला गेले.

त्या संध्याकाळी दोघं कंपनीच्या टेम्पोनं डोंबिवलीला गेले. शीळफाट्याच्या रस्त्यावर टेम्पो इतका उभा राहिला की सिल्वेस्टरला आपली निवृत्ती तिथंच होईल असं वाटू लागलं. पण बदली मालाची युक्ती त्याला तिथंच सुचली. कारण माहीत नसताना नवा माल तरी कशाच्या भरवशावर द्यायचा? तर नवा द्यायचाच नाही. महिनाभर जुना साठा द्यायचा. ज्या रिंगेवर पूड यायची असती, तिच्यावर ती एव्हाना आली असती. पिशव्या फोडून एकेक रिंग काळ्या कापडावर घासून बघायची आणि स्वच्छ निघेल तीच पाठवायची. रोवेनानं हे ऐकून "भारी, अंकल" म्हटलं, आणि त्यानं ऑफिसचा नियम टेम्पोत लागू केला नाही.

शिवानी लहानखुरी, कमी बोलणारी बाई. तिनं त्यांना पूड आलेल्या रिंगा दाखवल्या, चहा पाजला, आणि दोष दिला नाही. याचं सिल्वेस्टरला भारी नवल वाटलं. पंपवाल्याकडे गेले होते तेव्हा चहा मिळाला नव्हता.

मंगळवारी सांगितलेल्या वेळेत बदली रिंगा पोचल्या. कारण मात्र कुठंच पोचत नव्हतं.

आता ही रिंग कशी होते ते थोडक्यात. कच्चं सिलिकॉन साच्यात गरम दाबलं की त्याची रिंग होते. पण ती पक्की व्हावी म्हणून त्यात जे रसायन घातलेलं असतं, त्याचा गाळ आत राहतो. तो काढायला रिंगा ट्रेमध्ये पसरून मोठ्या भट्टीत चार तास दोनशे अंशांवर ठेवतात. त्या वेळात गाळाची वाफ होते आणि भट्टीच्या डोक्यावरच्या धुराड्यातून निघून जाते. वाफ नीट गेली नाही तर गाळ आतच राहतो, आणि पुढं काही दिवसांनी सावकाश पूड होऊन अंगावर येतो. म्हणजे दोष भट्टीकडे असणार, एवढं दोघांना पहिल्याच दिवशी दिसत होतं. पण भट्टी निर्दोष होती. काटा दोनशेवर, पंखा फिरता, दार घट्ट. बुधवारी सकाळी तपासली, बुधवारी संध्याकाळी तपासली. मधल्या वेळात तपासणारे जेवायला गेले होते.

भट्टी सांभाळायचा सहदेव. शांत, श्रद्धाळू, आणि मालकावर आईबापासारखी भक्ती. भट्टीत दिवसाला तीन घाणे निघत, सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा. आणि सहदेव प्रत्येक पिशवीवर तारीख आणि घाण्याचा नंबर टाकायचा. रोवेनानं बाजूला काढलेल्या सगळ्या पिशव्या जमिनीवर मांडल्या आणि पूड आलेल्या एकीकडे, न आलेल्या एकीकडे केल्या. बुधवारी दिवस मावळताना चित्र दिसलं. पूड फक्त दुपारच्या घाण्यावर होती. सकाळचा आणि संध्याकाळचा लोण्यासारखा. आणि दुपारच्या घाण्यातही एक वार स्वच्छ होता. गुरुवार.

प्रत्येक आठवड्याचा गुरुवार.

ही बातमी कारखान्यात पसरली आणि विज्ञान तिथं थांबलं. सहदेवनं भट्टीला हळदकुंकू वाहिलं. आनंदराव दत्ताचे भक्त, गुरुवारचा कडक उपास करत. ते ऐकून हात जोडून म्हणाले की आपल्या हातून काही पुण्य घडत असेल तर ते असं कुठंतरी दिसणारच. सिल्वेस्टरला त्यांचा हेवा वाटला. तो शुक्रवारी मांस खात नसे, पण त्यानं कधी एक रिंगही सुधारली नव्हती.

गुरुवार उजाडला. कारण सापडलं नव्हतं. सकाळपासून सिल्वेस्टर रोवेनाच्या आजूबाजूला घुटमळत होता. मेल थोडा गोलमाल लिही, असं त्यानं सुचवून पाहिलं. प्रकरण विचाराधीन आहे, असं लिहिलं की त्यातून काहीही निघत नाही, हा त्याचा जुना अनुभव. पण तिनं जसं होतं तसं लिहिलं. कारण अजून सापडलेलं नाही. कच्च्या मालात दोष नाही, साच्यात नाही, भट्टीच्या तापमानात नाही. फक्त दुपारच्या घाण्यात आहे, आणि गुरुवारी नाही. सोमवारी पुन्हा कळवतो. बारा वाजायच्या आत मेल गेला, आणि त्याची एक प्रत तिनं आनंदरावांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

आनंदरावांनी ती वाचली. सिल्वेस्टर दारात उभा राहून मनातल्या मनात रोवेनाच्या आईशी बोलायचं वाक्य जुळवत होता. "म्हणजे कारण नाही," आनंदराव म्हणाले. त्यांनी प्रोबेशनची गोष्ट काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

शिवानी होती. ती कमी बोलणारी असल्यानं आनंदरावांना बराच वेळ नुसतं 'हां' म्हणावं लागलं नाही. तिनं आभार मानले. बुधवारी तिचा एक मोठा माल दुकानांना निघायचा होता. उत्तर सोमवारी सकाळीच मिळालं म्हणून ती झाकणं तिनं रोखली आणि बदली आलेल्या जुन्या साठ्यातल्या रिंगा लावून माल वेळेवर पाठवला. उत्तर गुरुवारी आलं असतं तर सगळे डबे लोकांच्या स्वयंपाकघरात गेले असते. मग तिनं एकच विचारलं.

"दुपारी भट्टीपाशी असं काय असतं, जे गुरुवारी नसतं?"

आनंदरावांनी फोन ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर लॉटरी लागलेल्या पण तिकीट कुठलं ते न आठवणाऱ्या माणसाचा भाव होता. गिऱ्हाइकानं 'सापडलं नाही' याबद्दल आभार मानल्याचं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं. "सोमवार म्हणालीयेस ना," ते रोवेनाला म्हणाले. "बघू सोमवारी." आणि उपासाचं केळं सोलायला घेतलं.

शुक्रवारी दुपारी सिल्वेस्टर आणि रोवेना जेवायला गेले नाहीत. तीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि सिल्वेस्टरच्या पोटानं त्याची नोंद घेतली. दोघं भट्टीसमोर स्टुलं टाकून बसले. दुपारचा घाणा आत गेला. काटा दोनशेवर येऊन ठाम उभा राहिला. पंखा गुणगुणत होता. काहीही वेगळं घडत नव्हतं. सहदेव आला, त्यानं दोघांना नमस्कार केला, शिडीवर चढला, भट्टीच्या डोक्यावर कडेनं सगळ्यांचे डबे मांडले, मधोमध एक थाळी ठेवली, थाळीवर मालकांचा चार खणांचा डबा ठेवला, नमस्कार केला आणि गेला. भट्टीच्या डोक्यावर डबे गरम करायची ही रीत कारखान्याइतकीच जुनी होती. सिल्वेस्टर स्वतःचा डबाही रोज तिथंच ठेवत आला होता. तो परत काट्याकडे बघू लागला.

रोवेना वर बघत होती.

"अंकल, ती थाळी कशाला?"

"शेठचा डबा उंच ना. नुसता ठेवला तर डगडगतो," सिल्वेस्टर काट्यावरची नजर न काढता म्हणाला. "सहदेवनं दिवाळीपासून ती सोय केली. शेठना सगळ्यात गरम जागा द्यायची म्हणून मधोमध, त्या पाइपाच्या..."

आणि तो थांबला.

मधोमध धुराड्याचं तोंड होतं. आपण ते रोज पाहतो, हे सिल्वेस्टरला ठाऊक होतं. थाळी रोज पाहतो, हेही ठाऊक होतं. मालकांचा मान त्या तोंडावर झाकण होऊन बसला आहे, हे मात्र त्याला आत्ता, स्वतःच्या तोंडून ऐकून कळलं. गुरुवारी शेठचा उपास. डबा नाही, थाळी नाही, धुराडं मोकळं. पुण्य खरंच होतं, फक्त त्याचा पत्ता वेगळा होता.

रोवेना शिडी चढली, डबा उतरवला, थाळी काढली. दोन दिवस कोंडून ठेवलेल्या माणसानं दार उघडल्यावर बाहेर यावं तशी पांढुरकी वाफ धुराड्यातून निघाली आणि तो आंबूस, औषधी वास सगळ्या शेडमध्ये पसरला. सिल्वेस्टरला तो ओळखीचा वाटला. शेठच्या भाजीतला वास त्यानं कधी घेतलेला नव्हता. पण त्याचं वर्णन तो दिवाळीपासून ऐकत होता.

आनंदराव डबा घ्यायला स्वतः आले, कारण सहदेव डबा कुठं दिसत नाही म्हणून घाबराघुबरा होऊन त्यांच्याकडे गेला होता. त्यांचा डबा जमिनीवर होता. हे कारण त्यांना कोणी सांगायचं यावर दोघांचं क्षणभर एकमत झालं नाही, पण आनंदरावांनी नाक वर केलं, वास घेतला, थाळी पाहिली, डबा पाहिला, धुराडं पाहिलं. मग ते स्टुलावर बसले.

"म्हणजे हिंगाचा नव्हता तो," ते म्हणाले.

"नव्हता."

"आवडानं तीन दुकानांतून हिंग आणला रे सिल्वेस्टर. तेल बदललं. काल कढई बदलायची म्हणत होती."

सहदेव रडकुंडीला आला होता. आनंदरावांनी त्याला जवळ बोलावून पाठीवर थाप मारली. चूक कुणाची असेल तर ती मान घेणाऱ्याची, देणाऱ्याची नव्हे, असं काहीसं ते पुटपुटले. मग त्यांनी दुपारचा घाणा परत भाजायला सांगितला आणि डबा उचलून, गार भाजी गारच खाल्ली.

पण रोवेनानं तारखेचं गाणं सोडलं नव्हतं. सोमवारचा मेल तिनं शुक्रवारीच लिहायला घेतला. एका वाफेवरून निकाल देता येत नाही, ती म्हणाली. एक घाणा थाळी ठेवून, एक थाळी न ठेवता काढायचा, दोन्हींच्या रिंगा उबेत ठेवून पूड येते का ते पाहायचं, तोवर 'कारण हेच असावं' एवढंच लिहायचं, आणि पक्कं कधी सांगू तो वार द्यायचा. आनंदरावांनी यावेळी वाद घातला नाही. त्यांनी फक्त मसुदा मागितला. त्यात लिहिलं होतं : धुराड्याच्या तोंडावर बाहेरची वस्तू ठेवली गेली होती.

"कसली वस्तू ते विचारतील," आनंदराव म्हणाले.

"विचारतील तेव्हा सांगू की," सिल्वेस्टर घाईनं म्हणाला.

आनंदरावांनी पेन काढलं. 'बाहेरची वस्तू' खोडलं आणि वर आपल्या जाड अक्षरात लिहिलं : मालकाचा जेवणाचा डबा. खाली सही केली. मग थोडा विचार करून सिल्वेस्टरकडे बघत म्हणाले, "विचारायच्या आधीच सांगितलेलं बरं असतं, म्हणतात."

दोन घाण्यांची परीक्षा सांगितलेल्या दिवशी संपली. थाळीवाल्या घाण्यावर पूड आली, मोकळा स्वच्छ राहिला. शिवानी स्वतः ठाण्याला आली. तिला भट्टी दाखवली, धुराड्यावर बसवलेली लोखंडी जाळीची टोपी दाखवली, जिच्यावर आता वाटीसुद्धा उभी राहत नाही, आणि भिंतीशी मांडलेलं डब्यांचं नवं फडताळ दाखवलं. तिनं तो डबा बघायला मागितला. आनंदरावांनी संकोचत पुढं केला. तिनं तो उलटा करून तळाचा शिक्का पाहिला.

"हा तर आमचाच. दिवाळीला भेट दिलेला."

"गळत नाही हो मात्र," आनंदराव म्हणाले. "एक थेंब नाही." आणि ती कमी बोलणारी बाई पहिल्यांदा खळखळून हसली. जाताना तिनं पुढच्या सहा महिन्यांची ऑर्डर सांगितली आणि रोवेनाचा हात हातात घेऊन म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही लगेच लिहिलंत ना, तेवढ्यानं मला झोप लागली होती."

महिनाअखेरीला सिल्वेस्टरला नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. खुर्चीत रोवेना बसली, कायमची. आनंदरावांनी निरोपाचं भाषण केलं. त्यात त्यांनी 'आधी कारण, मग तोंड' या तत्त्वाची बरीच स्तुती केली आणि ते आजपासून बंद केल्याचं सांगितलं.

समारंभाला आवडाबाई वर्तकनगरहून पुरणपोळ्यांचं पातेलं घेऊन आल्या होत्या. रोवेनापुढं त्यांनी तीन पोळ्या वाढल्या, आणि ती नको म्हणत असताना चौथी वाढली. त्यांच्या हिंगावरचा डाग या पोरीनं धुऊन काढला होता, आणि आवडाबाईंच्या हिशेबी ते सहा महिन्यांच्या ऑर्डरीहून मोठं काम होतं. पोळीला कसला वास येतोय का, त्यांनी विचारलं.

तुपाचा, रोवेना म्हणाली.

सिल्वेस्टर शाल सांभाळत बाजूला उभा होता. रोवेनाची आई त्याच्याजवळ येऊन आभाराचं काहीतरी म्हणायला लागली, आणि तिचे डोळे भरून आले. तीस वर्षांच्या सवयीनं त्यानं अजून काही बोलू नये असं ठरवलं. पण मग त्यालाच ते बरं वाटेना.

"पोरीचे आभार मीच मानायचे राहिलेत," तो म्हणाला. "रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर येतो घरी. नक्की."

आणि रविवारी तो गेला.